छायाचित्रातला पूल: कोणता दांडा ओढला जातो आणि कोणता दाबला जातो

माझ्यासमोर एका जुन्या लोखंडी पुलाचे छायाचित्र आहे. पूल एकपदरी रस्त्याचा आहे आणि छायाचित्र बाजूने, नदीच्या पात्रातून घेतलेले असल्यामुळे त्याचा सांगाडा एखाद्या आकृतीसारखा सपाट दिसतो. दोन्ही टोकांना दगडी आधार आहेत, मध्ये खांब नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी दांड्यांची एकेक उंच जाळी उभी आहे आणि या प्रत्येक जाळीला ट्रस म्हणतात. बारकाईने पाहिले की एक गोष्ट लगेच खटकते. या जाळीतले सगळे दांडे सारखे नाहीत. वरच्या कडेचा दांडा पेटीसारखा जाडजूड आहे, तर खालच्या कडेला नुसत्या सपाट पट्ट्या आहेत. उभ्या दांड्यांपैकी टोकाकडचा पहिला सळईइतका बारीक आहे आणि त्याच्या शेजारचा मात्र भक्कम खांबासारखा आहे. अगदी मधल्या दोन कप्प्यांत तिरप्या सळयांची फुली दिसते, बाकी कप्प्यांत एकेकच तिरपा दांडा आहे. हा फरक शोभेसाठी केलेला नाही आणि चुकूनही झालेला नाही. पुलावरचे वजन कोणत्या दांड्यातून ताण होऊन जाते आणि कोणत्या दांड्यातून दाब होऊन जाते, हे त्या जाडी-बारकाईत उघड लिहिलेले आहे, आणि ते वाचायला शिकता येते.

आधी या जाळीची ओळख करून घेऊ. वरची आडवी कड आणि खालची आडवी कड एकमेकींना समांतर आहेत. उभ्या दांड्यांनी मधली जागा सहा चौकोनी कप्प्यांत विभागली आहे. टोकाच्या कप्प्यांना वरचा बाहेरचा कोपरा नाही, कारण तिथे वरची कड तिरपी उतरून थेट आधारावर टेकते. आतल्या कप्प्यांतला प्रत्येक तिरपा दांडा वर बाहेरच्या अंगाला सुरू होतो आणि पुलाच्या मध्याकडे उतरत जातो. या रचनेला प्रॅट ट्रस म्हणतात. थॉमस आणि कॅलेब प्रॅट या अमेरिकन मुलगा-वडिलांनी १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले होते.

या रचनेतली पहिली महत्त्वाची गोष्ट छायाचित्रात अर्धवटच दिसते, कारण ती रस्त्याच्या खाली दडलेली आहे. गाडीचे चाक रस्त्याच्या फळीवर टेकते, फळ्या लांबीच्या दिशेने टाकलेल्या तुळयांवर असतात आणि त्या तुळया पुलाच्या रुंदीच्या दिशेने टाकलेल्या आडव्या गर्डरवर टेकतात. हे आडवे गर्डर मात्र वाटेल तिथे नसतात. ते नेमके जाळीच्या खालच्या सांध्यांना, म्हणजे जिथे उभे, तिरपे आणि खालचे दांडे एकत्र येतात तिथेच टांगलेले असतात. त्यामुळे गाडी दोन सांध्यांच्या मधोमध उभी असली तरी तिचे वजन खालच्या कडेच्या पट्टीवर मध्येच कधी पडत नाही. ते वाटून दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर जाते. वजन फक्त सांध्यांवर पडत असल्यामुळे प्रत्येक दांड्यापुढे, स्वतःचे वजन सोडले, तर दोनच शक्यता उरतात. त्याची दोन टोके एकमेकांपासून दूर ओढली जातील किंवा एकमेकांकडे ढकलली जातील. पहिल्याला ताण म्हणायचे, दुसऱ्याला दाब. एका साध्या फळीवर उभे राहिलो की ती वाकते, तसे वाकणे ट्रसच्या दांड्याच्या वाट्याला जवळजवळ येत नाही, आणि म्हणूनच इतक्या बारीक दांड्यांवर एवढे वजन पेलता येते.

आता प्रश्न असा की कोणता दांडा कोणत्या बाजूचा, हे गणित न करता कसे ओळखावे. दोन्ही कडांचे उत्तर सोपे आहे. सगळी जाळी मिळून एक मोठी तुळई आहे असे मानले, तर वजनाखाली ती मध्ये किंचित खाली झुकते. झुकलेल्या तुळईची वरची कड आखडते आणि खालची कड लांबते. म्हणून वरच्या कडेत दाब असतो, खालच्या कडेत ताण असतो. तिरप्या दांड्यांसाठी एक युक्ती आहे, आणि मला ती कोणत्याही सूत्रापेक्षा अधिक भरवशाची वाटते. एखाद्या कप्प्यातला तिरपा दांडा काढून टाकला अशी कल्पना करावी. चार दांड्यांचा उरलेला चौकोन आता आकार टिकवू शकत नाही. आधाराकडची बाजू जागेवर राहते आणि पुलाच्या मध्याकडची बाजू वजनाने खाली घसरते, म्हणजे चौकोन तिरका होतो. अशा वेळी वरच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून खालच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर वाढते. प्रॅट ट्रसमधला तिरपा दांडा नेमक्या याच दोन कोपऱ्यांना जोडतो. तो ते अंतर वाढू देत नाही, म्हणजे तो ओढला जातो. दांडा दुसऱ्या कर्णावर ठेवला असता तर तो ढकलला गेला असता. विल्यम हाऊ या अमेरिकन रचनाकाराच्या १८४० च्या ट्रसमध्ये तसेच असते. तिथे तिरपे दांडे दाबाखाली आणि उभे दांडे ताणाखाली असतात. तिरपे दांडे लाकडाचे आणि उभ्या सळया लोखंडाच्या असत, तेव्हा ते सोयीचे होते.

ही ओळख झाल्यावर आकडे घालून पाहू, कारण आकड्यांशिवाय जाडीचा अर्थ कळत नाही. प्रत्येक कप्पा ६ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे असे धरू. म्हणजे पूल ३६ मीटर लांबीचा झाला आणि तिरपे दांडे बरोबर ४५ अंशांत आले. एका जाळीच्या आतल्या पाचही खालच्या सांध्यांवर प्रत्येकी १० टन वजन आहे असे मानू. त्यातले ४ टन पुलाचे स्वतःचे आणि ६ टन वाहनांचे. टोकाच्या दोन सांध्यांवरचे वजन थेट आधारात जाते, त्यामुळे ते या हिशेबात घ्यायचे कारण नाही. एकूण ५० टन झाले. रचना दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे प्रत्येक आधार २५ टन वर ढकलतो.

डाव्या आधारापासून सुरुवात करू. तिथे दोनच दांडे येतात. एक तिरपा टोकाचा खांब आणि एक खालची आडवी पट्टी. आधाराचे २५ टन वर येतात आणि त्यांना खाली दाबून तोल साधण्याचे काम आडवी पट्टी करूच शकत नाही, कारण ती आडवी आहे. ते काम पूर्णपणे तिरप्या खांबाचे. ४५ अंशांच्या दांड्यात उभा भाग २५ टनांचा हवा असेल, तर त्या दांड्यातला एकूण जोर त्याच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे ३५.४ टन असावा लागतो, आणि तो दाबाचा असतो. तिरपा खांब आधाराला खाली ढकलताना बाहेरच्या बाजूलाही २५ टनांनी ढकलतो. त्याला आवर घालायला खालच्या पट्टीने आत ओढायला हवे, म्हणून पहिल्या कप्प्यात खालच्या पट्टीत २५ टनांचा ताण येतो. पुढचा खालचा सांधा पाहू. तिथे १० टन टांगलेले आहेत आणि वर जाणारा एकच दांडा आहे, तो पहिला उभा दांडा. म्हणून त्यात १० टनांचा ताण. तो खांब नाहीच, तो नुसता टांगता दोर आहे. छायाचित्रात तो सळईसारखा बारीक का, याचे उत्तर हेच. या उभ्या दांड्यात आडवे ओढण्याची ताकद नसल्यामुळे खालच्या पट्टीतला ताण दुसऱ्या कप्प्यातही २५ टनच राहतो. छायाचित्र मोठे करून पाहिले तर पहिल्या दोन्ही कप्प्यांत खालच्या कडेला दोन-दोनच पट्ट्या आहेत आणि तिसऱ्या कप्प्यापासून त्या चार होतात. हिशेब आणि लोखंड इथे एकमेकांना दुजोरा देतात.

दुसऱ्या कप्प्यात आधाराचे २५ टन वर आणि पहिल्या सांध्याचे १० टन खाली, म्हणजे १५ टनांचा फरक उरतो. तो पेलायला त्या कप्प्यातल्या तिरप्या दांड्यात १५ च्या १.४१ पट, म्हणजे २१.२ टनांचा ताण येतो. हा तिरपा दांडा ज्या खालच्या सांध्याला येऊन मिळतो, तिथे तो १५ टन वर ओढतो. त्या सांध्यावरचे वजन मात्र १० टनच आहे. उरलेले ५ टन वरून कोणीतरी खाली ढकलले पाहिजेत, आणि ते काम त्या सांध्यावरचा उभा दांडा करतो. म्हणजे दुसरा उभा दांडा ५ टनांच्या दाबाखाली आहे. पहिल्या उभ्या दांड्यात १० टन असून तो बारीक आहे आणि दुसऱ्यात ५ टन असून तो जाड आहे. छायाचित्र पाहताना कोणालाही हे उलटे वाटेल. त्याचे कारण पुढे येते. तिसऱ्या कप्प्यात फरक आणखी कमी होऊन ५ टनांवर येतो, म्हणून तिथला तिरपा दांडा ७.१ टनांनीच ओढला जातो. मध्याकडे जाताना तिरपे दांडे असे हलके होत जातात, पण कडांचे उलट होते. वरच्या कडेत दुसऱ्या कप्प्यात ४० टनांचा दाब असतो आणि मधल्या कप्प्यांत तो ४५ टन होतो. खालच्या कडेत मधल्या कप्प्यांत ४० टनांचा ताण असतो.

आता जाडीचा प्रश्न. खालच्या कडेच्या पट्ट्या दोन्ही टोकांना डोळ्यासारखे भोक असलेल्या आहेत. त्यांना आयबार म्हणतात, आणि त्या भोकांतून एक जाड खिळ घालून सांधा जुळवलेला असतो. समजा प्रत्येक पट्टी ७५ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे तिचा छेद ९०० चौरस मिलिमीटरचा आहे. साध्या बांधकामाच्या पोलादावर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १५ किलो ताण सुरक्षितपणे टाकता येतो, म्हणून अशी एक पट्टी साडेतेरा टन ओढ सहज सहन करते. दोन पट्ट्यांना २७ टन झेपतात आणि गरज २५ टनांची आहे. चारांना ५४ टन झेपतात आणि गरज ४० टनांची आहे. आता तीच एक पट्टी, तीच ६ मीटर लांबी, पण ओढण्याऐवजी दोन्ही टोकांकडून दाबली तर काय होईल? ती जेमतेम ६० किलोंना मधून धनुष्यासारखी वाकून बाहेर पडेल. ओढताना साडेतेरा टन आणि दाबताना ६० किलो, हा फरक सव्वादोनशे पटींचा आहे. पोलादाची ताकद दोन्ही वेळी तीच आहे. दाबाखाली पोलाद चिरडले जाण्याच्या कितीतरी आधी दांडा सरळ राहण्याचेच सोडून देतो.

या वाकून निसटण्याला अभियंते बकलिंग म्हणतात. हे कसे होते ते लांब प्लास्टिकच्या पट्टीवर स्वतः पाहता येते. पट्टीची दोन टोके धरून कितीही ओढा, काही दिसत नाही. तीच पट्टी टेबलावर उभी धरून वरून तळव्याने दाबली की थोड्याच जोराला मध्यभाग एका बाजूला फुगतो, आणि एकदा फुगू लागला की त्याच जोराला फुगतच जातो. कारण सोपे आहे. ओढ दांड्यातला बारीकसा बाक सरळ करते, तर दाब तोच बाक वाढवतो. गणितज्ञ लेओनहार्ड ऑयलर यांनी १७४४ मध्ये या वाकण्याचा नियम मांडला. दांडा किती दाबाला निसटेल हे त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ एकटे ठरवत नाही. ते लोखंड छेदाच्या मध्यापासून किती दूर पसरले आहे हेही ठरवते. आणि लांबी दुप्पट झाली तर ही ताकद निम्मी न होता पाव होते.

म्हणूनच वरची कड पेटीसारखी आहे. तिच्यात इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे दोन चॅनेल एकमेकांपासून अंतर ठेवून उभे केले आहेत, वर त्यांना एक सलग पत्रा रिव्हेटने जोडला आहे आणि खालच्या बाजूला बारीक पट्ट्यांची नागमोडी जाळी आहे. त्या जाळीला लेसिंग म्हणतात. दोन चॅनेल एकमेकांना चिकटवून ठेवले असते तर लोखंड तेवढेच लागले असते, पण पेटी बनल्यामुळे ते मध्यापासून दूर पसरले आणि कोणत्याही बाजूला वाकण्यास कठीण झाले. तरीसुद्धा ६ मीटर लांबीच्या अशा पेटीवर दर चौरस मिलिमीटरला १५ किलो टाकता येत नाहीत, साधारण १० किलोच टाकता येतात. दाबाच्या दांड्याला नेहमी ताणाच्या दांड्यापेक्षा अधिक लोखंड द्यावे लागते, ते असे. आणि दुसरा उभा दांडा फक्त ५ टनांसाठी इतका जाड का, हेही आता कळते. तो ६ मीटर उंचीचा दाबाखालचा दांडा आहे. त्याला वजनाची नाही, वाकण्याची चिंता आहे.

अगदी मधला उभा दांडा हा या पुलातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. त्याच्या वरच्या सांध्यावर डावीकडून आणि उजवीकडून वरच्या कडेचे ४५ टन एकमेकांना भिडतात. दोन्ही आडवे असल्यामुळे तिथे उभ्या दिशेने खाली किंवा वर ढकलणारे काहीच नसते. म्हणून आपल्या हिशेबात मधल्या उभ्या दांड्यात शून्य जोर येतो. मग तो काढून टाकला तर? तेव्हा वरची कड मध्ये ६ मीटरऐवजी १२ मीटरपर्यंत विनाआधार राहील, आणि ऑयलरच्या नियमाने त्या जाळीच्या पातळीत तिची वाकण्याविरुद्धची ताकद पाव होईल. स्वतः वजन न पेलणारा हा दांडा शेजारच्या ४५ टनांना सरळ उभे ठेवतो. बाजूला, म्हणजे रस्त्याकडे किंवा बाहेरच्या अंगाला, वाकण्यापासून वरच्या कडेला वाचवणारे दांडे वेगळे आहेत. छायाचित्रात पुलाच्या माथ्यावर दोन्ही जाळ्यांना जोडणारे जे आडवे दांडे आणि फुल्या दिसतात, ते वाऱ्याचा जोर टोकाकडे नेतात आणि त्याच वेळी हेही काम करतात.

आता मधल्या दोन कप्प्यांतली फुली. वाहने सगळ्या पुलावर सारखी पसरलेली असताना आपला हिशेब झाला, पण वाहने चालत येतात आणि पूल कधी अर्धाच भरतो. समजा फक्त डावीकडच्या पहिल्या दोन सांध्यांवर वाहनांचे सहा-सहा टन आहेत आणि पुढे पूल रिकामा आहे. पुलाच्या स्वतःच्या ४ टनांमुळे तिसऱ्या कप्प्यात वर ढकलणारा फरक २ टनांचा असतो. वाहनांच्या १२ टनांपैकी डावा आधार ९ टन उचलतो, म्हणून वाहनांमुळे त्या कप्प्यात फरक ९ उणे १२, म्हणजे उलट दिशेने ३ टन होतो. दोन्ही मिळून १ टन उलट दिशेने उरला. आधी आपण जी कल्पना केली होती ती इथे पालटते. आता त्या कप्प्याचा चौकोन दुसऱ्या बाजूला तिरका होऊ पाहतो आणि नेहमी ताणात असलेला तिरपा दांडा दाबला जाऊ लागतो. पट्टी किंवा सळई असलेला हा दांडा दाब सहन करणार नाही, तो नुसता सैल पडेल. म्हणून दुसऱ्या कर्णावर एक बारीक सळई दिलेली असते, जी एरवी निवांत असते आणि अशा वेळी सुमारे १.४ टन ओढ घेते. फुलीचे कारण एवढेच. उलट बाजूने, वाहने मधल्या सांध्यापासून पलीकडच्या तीन सांध्यांवर असतील, तेव्हा याच कप्प्यातल्या मुख्य तिरप्या दांड्यात पूर्ण भरलेल्या पुलापेक्षाही अधिक, ११.३ टन ताण येतो. पूल भरलेला असताना प्रत्येक दांड्यावर सर्वांत जास्त जोर येतो असे समजणे म्हणून चूक आहे. या उलट्या सळईच्या मध्यावर छायाचित्रात एक लांबट गाठ दिसते. तो टर्नबकल आहे, दोन्ही बाजूंना उलटे आटे असलेला नट, ज्याने सळई घट्ट करता येते. ही सळई थोडी सैल असणे नेहमीचे आहे. पण मुख्य तिरप्या पट्ट्यांच्या जोडीतली एक पट्टी हाताने हलवल्यावर खडखडत असेल, तर तिचा भाग दुसरी पट्टी एकटी उचलते आहे हे ओळखावे. भोक झिजल्याने किंवा खिळीभोवती गंज फुगल्याने असे होते.

आधाराकडेही एकदा पाहावे. एका टोकाला पूल खिळलेला आहे आणि दुसऱ्या टोकाला तो रोलरवर बसवलेला आहे. पोलाद तापले की लांबते. ३६ मीटरचा पूल ४० अंशांच्या तापमानबदलाने सुमारे १७ मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. रोलर गंजून अडकले तर ते लांबणे दाब होऊन पुलात शिरते, आणि खालच्या पट्ट्यांना दाब अजिबात सोसत नाही हे आपण पाहिले आहे.

दाबाच्या दांड्याकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण कॅनडातल्या क्वेबेक पुलाचे आहे. तो पूल बांधकाम चालू असतानाच २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला आणि ७५ कामगार मरण पावले. त्याची रचना आपल्या छायाचित्रातल्या पुलाच्या उलट होती. खांबापासून नदीवर हाताच्या पंजासारखी पुढे काढलेली जाळी असल्यामुळे तिची वरची कड ओढली जात होती आणि खालची दाबली जात होती. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फूट करण्यात आला, पण पुलाचे वजन नव्याने मोजले गेले नाही. खालच्या कडेचा दाबाखालचा दांडा चार उभ्या पत्र्यांचा होता आणि ते पत्रे लेसिंगने एकत्र बांधलेले होते. ही लेसिंग त्या दाबासाठी फार कमकुवत होती. दांड्यांना बाक येऊ लागला होता, आणि एका दांड्यात आठवड्याभरात तो पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेल्याचे २७ ऑगस्टला मोजले गेले होते. ताणाच्या दांड्यात असा बाक वाढत नाही. दाबाच्या दांड्यात बाक वाढतो आहे हे दिसणे म्हणजे निसटणे सुरू झाले असे समजायचे असते. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांना ही बातमी २९ ऑगस्टलाच न्यूयॉर्कमध्ये मिळाली आणि पुलावर आणखी भार टाकू नका, अशी तार त्यांनी पाठवली, पण तोपर्यंत काम थांबलेले नव्हते आणि त्याच संध्याकाळी दांड्याची लेसिंग तुटून पत्रे वेगळे झाले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि त्यात छायाचित्रेच साक्षीदार ठरली. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा आय-३५ डब्ल्यू महामार्गाचा ट्रस पूल १९६७ मध्ये खुला झाला आणि १ ऑगस्ट २००७ रोजी संध्याकाळी गर्दीच्या वेळी कोसळला. १३ जण मरण पावले आणि १४५ जखमी झाले. या पुलात खिळीच्या सांध्यांऐवजी गसेट प्लेट होत्या, म्हणजे सांध्याच्या दोन्ही अंगांना लावलेले जाड पत्रे, ज्यांना येणारे सगळे दांडे रिव्हेटने जोडलेले असतात. दांड्यांचा हिशेब नीट झालेला होता, पण काही सांध्यांच्या प्लेट अर्धा इंच जाडीच्या होत्या आणि हिशेबाने त्या सुमारे दुप्पट जाड असायला हव्या होत्या. त्यातला यू-१० नावाचा सांधा आधी मोडला. अशा सांध्यात एका तिरप्या दांड्याची ओढ आणि दुसऱ्याचा दाब प्लेटच्या पोटातच एकमेकांना गाठतात, आणि प्लेटची दोन दांड्यांमधली मोकळी कड म्हणजे दाबाखालची एक बारीक पट्टीच असते. वर्षानुवर्षे पुलावर भर पडत गेली होती, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वाळू-खडी आणि यंत्रेही पुलावर आणून ठेवलेली होती. चौकशीत जुनी छायाचित्रे काढली गेली, तेव्हा १९९९ आणि २००३ च्या चित्रांत यू-१० च्या प्लेटची कड सरळ नसून फुगलेली स्पष्ट दिसत होती.

म्हणून छायाचित्रातल्या पुलाकडे पुन्हा जाताना मी आधी दाबाचे दांडे शोधतो. वरची कड, टोकाचे तिरपे खांब, जाड उभे दांडे, आणि शेवटी सांध्यांचे पत्रे. प्रत्येकाच्या कडेवर पट्टी धरून पाहतो. ताणाच्या पट्टीचा दोष डोळ्याच्या भोकापाशी, खिळीजवळच्या चिरेत, गंजात शोधावा लागतो आणि तो बहुधा छायाचित्रात दिसतच नाही. दाबाच्या दांड्याचा दोष मात्र रेषेत दिसतो, आणि या चित्रात वरच्या कडेची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ आहे.